माजी सहकाऱ्यासाठी शिफारसपत्र लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या खाजगी ऑफिसात टीम सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा निरोप कधी ना कधी येतोच: "मॅडम, नवीन ठिकाणी रेफरन्स लेटर मागितलंय, द्याल का?" निरोप बहुधा रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅपवर येतो आणि पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी हवं असतं. माणूस चांगला होता, कामात एक ठळक उणीव होती, आता तो आपल्याकडे नाही, आणि आपण लिहू ते तिसराच कोणी वाचणार आहे. अशा वेळी काय लिहायचं, हे प्रश्न मला टीम लीड मंडळी नेहमी विचारतात.

उदाहरण माझ्या ओळखीच्या धंद्यातलं घेतलं आहे: सहार एअर कार्गोच्या आसपास असतं तसं, लोकांचा माल कस्टम्समधून सोडवून पुढे पाठवणारं एक क्लिअरिंग-फॉरवर्डिंगचं ऑफिस आणि तिथला एक डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह. हा नमुना आहे, कोणा एका माणसाची गोष्ट नव्हे. मी वकील नाही. नोटीस खरोखरच हातात पडली तर वकिलाकडेच जावं.

त्याला नक्की कोणतं पत्र हवंय?

आधी हे विचारा, कारण निम्म्या वेळा शिफारसपत्र नकोच असतं. रिलीव्हिंग लेटर म्हणजे "यांचा राजीनामा मंजूर झाला, अमुक तारखेला कार्यमुक्त केलं". अनुभव प्रमाणपत्र म्हणजे पद आणि कालावधी. ही दोन्ही कंपनीची कागदपत्रं आहेत, ती एचआर देतं. त्यात तुमच्या मताचा संबंध नसतो आणि ती तुम्ही तुमच्या मेलवरून देऊही नयेत.

शिफारसपत्र वेगळं. "मी यांच्याबरोबर काम केलं आणि मला हे दिसलं" असं एक माणूस त्यात सांगतो. पुढे जे काही आहे ते याच पत्राबद्दल.

मागितलं की द्यायलाच हवं का?

नाही. अनुभव प्रमाणपत्राची मागणी रास्त असते, पण तुमचं वैयक्तिक मत लिहून द्या असा हक्क कोणी सांगू शकत नाही. नकार द्यायचा तर लवकर द्या आणि कारणांची यादी लावू नका. "मी तुझ्या कामाबद्दल या जागेला उपयोगी पडेल असं पत्र लिहू शकणार नाही, दुसऱ्या कोणाला तरी विचार" एवढं पुरे. हे ऐकायला कडू लागतं. पण होकार देऊन पंधरा दिवस टोलवाटोलवी करणं, आणि मग घाईघाईत दोन थंड ओळी खरडून देणं, त्याला जास्त महागात पडतं.

एक पथ्य मात्र पाळा. टीममधल्या काहींना भरभरून लिहून द्यायचं आणि काहींना "आमची पॉलिसी नाही" सांगायचं, असं करू नका. तसं केलं की नकार हीच तक्रार होते.

कंपनीच्या लेटरहेडवर लिहू का?

एचआरला विचारल्याशिवाय नाही. अनेक कंपन्यांचा नियम असतो की बाहेर फक्त तारखा आणि पद सांगायचं, बाकी काही नाही. तो नियम तुमच्या नेमणुकीच्या अटींमध्ये किंवा एम्प्लॉयी हँडबुकमध्ये दडलेला असतो. लेटरहेड वापरलं की ते कंपनीचं म्हणणं होतं, आणि तसं म्हणायचा अधिकार तुम्हाला दिलेला नसेल तर पहिला प्रश्न तुमचीच कंपनी तुम्हाला विचारेल.

परवानगी नसेल आणि नियम वैयक्तिक पत्राच्या आड येत नसेल, तर साध्या कागदावर, स्वतःच्या ईमेलवरून लिहा आणि पहिल्याच परिच्छेदात सांगा: "हे पत्र मी वैयक्तिकरीत्या लिहीत आहे, कंपनीच्या वतीने नाही." तुमचं पद लिहायला हरकत नाही, कारण तुम्ही त्याचं काम कोणत्या खुर्चीतून पाहिलं हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

लिहायला बसण्याआधी त्याच्याकडून काय मागून घ्यायचं?

जागेची जाहिरात किंवा कामाचं वर्णन, पत्र कोणाला जाणार आहे ते, आणि "माझ्या कामाबद्दल अमुक कंपनीला माहिती द्यायला माझी हरकत नाही" असा एका ओळीचा मेल. व्हॉट्सअॅपवरची परवानगीही नसल्यापेक्षा बरी, पण मेल शोधायला सोपा. माणसाची माहिती त्याच्या संमतीने आणि ठरलेल्या कामापुरती वापरावी, हाच २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही रोख आहे. आणि पुढे कोणी म्हणालं की "माझ्याबद्दल परस्पर सांगितलं", तर तो मेल तुमच्या कामी येतो.

कामाचं वर्णन मागण्यामागे वेगळं कारण आहे. आपल्या नमुन्यातला माणूस, त्याला श्री. क्ष म्हणू, सहारला हवाई निर्यातीचं काम करत होता. आता तो न्हावा-शेवाच्या बाजूला समुद्री मालाच्या कंपनीत आयात विभागाचा प्रमुख व्हायला निघाला आहे. हे माहीत नसेल तर तुम्ही त्याच्या कट-ऑफ, म्हणजे फ्लाइटला माल देण्याची शेवटची वेळ, गाठण्याच्या चपळाईवर दोन परिच्छेद लिहाल, आणि समोरच्याला हवं असलेलं एकही वाक्य त्यात नसेल.

पत्रात नेमकं काय लिहायचं?

आधी नेहमीचा मसुदा बघा. इंटरनेटवरून उतरवलेला, आडनाव बदलून सगळ्यांना दिला जाणारा:

"श्री. क्ष हे अत्यंत मेहनती, प्रामाणिक आणि निष्ठावान कर्मचारी होते. त्यांचं चारित्र्य उत्तम असून ते कोणतीही जबाबदारी समर्थपणे पेलू शकतात. त्यांच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा."

यात खोटं काही नसेलही, पण खरं ठरवता येईल असंही काही नाही. "चारित्र्य उत्तम" हे तुम्हाला कसं कळलं? ऑफिसच्या वेळेबाहेर तो माणूस काय करतो हे तुम्हाला माहीत नाही. "कोणतीही जबाबदारी" म्हणजे आयातीचीही का? ती त्याने तुमच्याकडे कधी केलीच नाही. हे पत्र वाचणाऱ्याच्या उपयोगाचं नाही, आणि उद्या काही बिनसलं तर तुम्ही हमी दिली होती असं दाखवायला मात्र सोयीचं आहे.

माझी पद्धत अशी. प्रत्येक वाक्यासमोर स्वतःला विचारायचं: हे मी स्वतः पाहिलं का, आणि कोणी विचारलं तर कशावरून दाखवू? मेल, अप्रेझलचा फॉर्म, कामाचं रजिस्टर, काहीही चालेल. ज्याच्या मागे काहीच नाही ते वाक्य उडवायचं, ते स्तुतीचं असलं तरी.

या चाळणीतून गेल्यावर श्री. क्ष यांचं पत्र साधारण असं होतं:

"श्री. क्ष जून २०२१ ते मार्च २०२५ आमच्या निर्यात डॉक्युमेंटेशन विभागात होते. एप्रिल २०२२ पासून ते थेट माझ्या हाताखाली काम करत होते, त्यामुळे मी त्या काळाबद्दलच लिहीत आहे.

निर्यातदाराकडून इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट घेणं, चेकलिस्ट बनवून निर्यातदाराची मंजुरी घेणं आणि कस्टम्सच्या आइसगेट पोर्टलवर शिपिंग बिल दाखल करणं हे त्यांचं रोजचं काम होतं. त्यांच्याकडे मुख्यतः औषध कंपन्यांचा माल असे. मालाच्या वर्गीकरणाचा एचएस कोड पूर्वीच्या बिलावरून न उचलता प्रत्येक वेळी मालाच्या वर्णनाशी ताडून बघण्याची त्यांची सवय होती. शेवटच्या दोन वर्षांच्या अप्रेझलमध्ये मी त्यांना अचूकतेसाठी विभागातला सर्वात वरचा शेरा दिला आहे.

आयातीचं काम आणि टीम सांभाळण्याचं काम त्यांनी माझ्याकडे केलेलं नाही. त्या दोन्हींबद्दल मी मत देऊ शकत नाही. दोन नव्या मुलांना चेकलिस्ट बनवायला त्यांनी शिकवलं, ते मी पाहिलं आहे, आणि ती दोन्ही मुलं आज स्वतंत्रपणे काम करतात."

पत्र इंग्रजीत जाणार असलं तरी आधी मराठीत मनाशी जुळवून बघा. इंग्रजीतली तयार विशेषणं हाताशी असली की ती आपोआप कागदावर उतरतात.

शेवटचा परिच्छेद मला सर्वात मोलाचा वाटतो. "हे मी पाहिलेलं नाही" असं एक वाक्य आलं की वाचणारा बाकीच्या वाक्यांवर विश्वास ठेवतो. अनुभवी रिक्रूटर सगळं उत्तमच असलेलं पत्र वाचत नाहीत, चाळतात. शिवाय त्या वाक्यामुळे तुमच्या शब्दाची हद्द आखली जाते. उद्या आयातीत त्याने गोंधळ घातला तर "तुम्हीच लिहिलं होतं" असं कोणी म्हणू शकत नाही.

उणीव लिहायची की गाळायची?

दोन प्रश्नांवर ठरवा. ती उणीव नव्या जागेच्या कामाशी थेट संबंधित आहे का? आणि तो तुमच्याकडे असताना ती तुम्ही त्याला तोंडावर, शक्यतो लेखी, सांगितली होती का? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच ती पत्रात यावी. माणसाला तो नोकरीत असताना कधी न सांगितलेली गोष्ट नव्या कंपनीला सांगणं अन्यायाचं आहे, आणि ती शाबित करायलाही तुमच्याकडे काही नसतं.

विरार लोकल चुकल्यामुळे तो महिन्यातून एकदोनदा पंधरा मिनिटं उशिरा यायचा, हे सोडून द्या. मुंबईत त्या निकषावर कोणाचंच पत्र निघणार नाही. पण श्री. क्ष यांची खरी अडचण वेगळी होती. एखाद्या निर्यातदाराचे कागद अडकले की ते स्वतःच पाठपुरावा करत बसत आणि कट-ऑफ अगदी तोंडावर येईपर्यंत कोणाला सांगत नसत. २०२३ मध्ये यामुळे दोन वेळा माल ठरलेल्या फ्लाइटला गेला नाही. विभागप्रमुखाच्या जागेसाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे, आणि त्यांच्या त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये ती लिहिलेलीही आहे. म्हणजे ती पत्रात येते.

आता कशी लिहायची? चुकीची रीत: "श्री. क्ष यांना जबाबदारीची जाणीव थोडी कमी आहे आणि ते संवादात कमी पडतात." हा स्वभावावर मारलेला शिक्का झाला. तो खोडता येत नाही, सिद्धही करता येत नाही, आणि "थोडी" या शब्दाने तो सौम्य होत नाही. त्याऐवजी काय घडलं, त्याचा परिणाम काय झाला, त्यावर काय केलं आणि तो गेला तेव्हा स्थिती काय होती, एवढं त्याच क्रमाने सांगा:

"कागद अडकल्यास वरिष्ठांना उशिरा कळवण्याची त्यांची सवय होती. २०२३ मध्ये त्यामुळे दोन कन्साइनमेंट ठरलेल्या फ्लाइटला गेल्या नाहीत. त्यानंतर आम्ही रोज दुपारी चार वाजता अडकलेल्या कागदांची यादी मेल करण्याचं ठरवलं. त्यांनी ती शेवटपर्यंत नियमित पाठवली आणि माझ्या माहितीत तसा प्रकार पुन्हा घडला नाही."

यातलं प्रत्येक विधान मेलबॉक्समधून दाखवता येतं. नव्या साहेबाला कामाची माहिती मिळते: या माणसाला रोजची ठरलेली वेळ द्या, काम चोख होतं. आणि श्री. क्ष यांनी हे वाचलं तर त्यांना वाईट वाटेल, पण "हे खोटं आहे" असं म्हणता येणार नाही.

चौथा भाग, म्हणजे पुढे काय झालं ते, गाळू नका. सुधारणा झाली असताना फक्त जुनी चूक लिहिणं म्हणजे खऱ्या वाक्यांनी खोटं चित्र उभं करणं.

खरं लिहिलं तरी बदनामीची केस होऊ शकते का?

तक्रार कोणीही करू शकतो, तेव्हा "शंभर टक्के निर्धोक पत्र" असं काही नसतं. पण भीती असते तेवढा धोका नाही, तो नेमका कुठे आहे हे कळलं तर.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीला लागू आहे. त्याआधी भारतीय दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५०० होती. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा दोन्ही, आणि नव्या संहितेत समाजसेवेचाही पर्याय आहे. गुन्हा अदखलपात्र आहे. म्हणजे पोलीस थेट एफआयआर घेत नाहीत, तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटसमोर जावं लागतं. याशिवाय नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा.

इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. दिवाणी दाव्यात विधान खरं आहे हे दाखवलं की बचाव पूर्ण होतो. फौजदारीत त्या कलमाचा पहिला अपवाद म्हणतो की विधान खरं हवं आणि ते सांगणं लोकहिताचंही हवं. म्हणून नुसतं "पण खरं आहे ना!" यावर विसंबू नका. पत्र लिहिणाऱ्याला जास्त जवळचे आहेत ते नववा आणि दहावा अपवाद: स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान, आणि ज्याला सांगितलं त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने दिलेली सूचना. नोकरीला ठेवू पाहणाऱ्याने विचारलं आणि तुम्ही कामापुरतं, पडताळून, त्यालाच सांगितलं, तर तुम्ही या अपवादांच्या बाजूला उभे असता. तेच वाक्य तुम्ही जुन्या टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलंत तर हा आधार सुटतो, कारण त्या ग्रुपमधल्या कोणाचंही त्या माहितीवाचून अडलेलं नसतं.

सद्भावना म्हणजे मनात वाईट नव्हतं एवढंच नव्हे. कायद्याच्या भाषेत त्यात योग्य काळजी घेणंही येतं. याचं सर्वात बोलकं उदाहरण ब्रिटनमधलं आहे. विमा विकणाऱ्या स्प्रिंग नावाच्या गृहस्थांबद्दल गार्डियन अॅश्युरन्स या जुन्या कंपनीकडून नव्या कंपनीला पत्र गेलं, त्यात त्यांच्या सचोटीवरच घाव होता. नोकरी हुकली. कोर्टात दिसलं की लिहिणाऱ्यांच्या मनात द्वेष नव्हता, त्यामुळे बदनामीच्या मार्गाने त्यांना काही मिळण्यासारखं नव्हतं. पण माहिती नीट न तपासताच लिहिली गेली होती. १९९४ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने ठरवलं की पत्र देणाऱ्याने माजी कर्मचाऱ्याच्या बाबतीत वाजवी काळजी घ्यायलाच हवी आणि निष्काळजीपणाबद्दल भरपाई मागता येते. आपल्या कोर्टांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण धडा इथेही तोच: त्या पत्रात घात झाला तो ऐकीव गोष्टीचा. "अकाउंट्सवाले म्हणायचे की" अशी सुरुवात मनात आली की लेखणी खाली ठेवा.

मग सगळं गोडच लिहिलं तर सुरक्षित नाही का?

नाही. गोड पत्राचा धोका दुसऱ्या दिशेने येतो. कॅलिफोर्नियात एका शिक्षकाबद्दल विद्यार्थिनींशी गैरवर्तनाच्या तक्रारी झालेल्या होत्या. त्या माहीत असूनही जुन्या शाळांच्या अधिकाऱ्यांनी त्याला कौतुकाची पत्रं दिली. नव्या शाळेत पुन्हा तसाच आरोप झाला आणि १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पत्रं लिहिणाऱ्यांना जबाबदार धरता येईल असं म्हटलं. गप्प राहिले असते तर गोष्ट वेगळी होती. पण बोलायचं ठरवून त्यांनी अर्धसत्य सांगितलं, आणि त्यातून दुसऱ्याच्या जिवाला धोका होणार हे दिसण्यासारखं होतं.

आपल्या कामात प्रकरण इतकं गंभीर क्वचित असतं. पण पैशाचा हिशेब, औषधं, लहान मुलं, वाहन चालवणं, अशा जागेसाठी पत्र असेल आणि तुम्हाला त्याच बाबतीतली पडताळलेली गोष्ट माहीत असेल, तर त्या गुणाची स्तुती करू नका. लिहिता येत नसेल तर पत्रच नाकारा.

कोणत्या गोष्टी पत्रात कधीच येऊ नयेत?

आजारपण, मानसिक उपचार, गरोदरपण किंवा प्रसूती रजा, घरगुती भांडणं, जात, धर्म, युनियनशी संबंध, पगार. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा स्वतंत्र कायदाच आहे, संमतीशिवाय ती माहिती उघड करता येत नाही. "सहा महिने प्रसूती रजेवर असूनही कामात मागे पडल्या नाहीत" हे वाक्य लिहिणाऱ्याला कौतुक वाटतं. वाचणारा त्यातून फक्त लहान मूल असल्याची माहिती उचलतो.

त्याच्याविरुद्ध चौकशी चालू होती आणि त्याने मध्येच राजीनामा दिला. आता?

हे एकट्याने ठरवू नका, एचआर किंवा कंपनीच्या वकिलाकडे सोपवा. निष्कर्ष निघालेला नाही, म्हणजे तुमच्याकडे आरोप आहे, घटना नाही. "चौकशी टाळण्यासाठी सोडलं" हे लिहिलंत तर तुम्ही त्याच्या मनातलं लिहिलंत.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार असेल तर २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रारदार, ज्याच्यावर आरोप आहे तो आणि साक्षीदार यांची ओळख, तक्रारीचा मजकूर आणि चौकशीची कार्यवाही जाहीर करायला मनाई करतं. वैयक्तिक पत्रात त्या विषयाला हातच लावू नका. पण उलट बाजूने "सहकाऱ्यांशी वर्तणूक आदर्श" असंही लिहू नका. कंपनीने पद आणि तारखांचं कोरं प्रमाणपत्र द्यावं आणि तुम्ही नम्रपणे बाजूला व्हावं, हाच मार्ग उरतो. प्रमाणपत्राच्या छापील नमुन्यात "वर्तणूक समाधानकारक" ही ओळ आधीपासून असते. ती कोणाच्या लक्षात येत नाही, एचआरला काढायला सांगा.

पत्र दिल्यावर नव्या कंपनीच्या एचआरचा फोन आला तर?

काळजीपूर्वक लिहिलेलं पत्र इथे वाया जातं. तुम्ही मरोळ नाक्याला रिक्षात बसलेले असता, समोरची व्यक्ती आपुलकीने म्हणते, "ऑफ द रेकॉर्ड सांगा ना, माणूस कसा आहे?" आणि आपण बोलून जातो. बदनामीच्या कलमाला बोललेले शब्दही पुरतात, आणि फोन रेकॉर्ड होत असेल तर ते कागदाइतकेच टिकतात.

म्हणा, "आत्ता बाहेर आहे, तुमचा ऑफिसचा मेल आयडी पाठवा, मी संध्याकाळी फोन करते." यात दोन कामं होतात. फोन खरंच त्या कंपनीतूनच आहे का हे कळतं, आणि पत्राची प्रत समोर ठेवून बोलता येतं. पत्रात आहे तेच बोला. हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "तुम्ही त्यांना परत घ्याल का?" त्याचं उत्तर पत्र लिहितानाच ठरवून ठेवा. श्री. क्ष यांच्याबाबतीत माझं उत्तर असेल: "निर्यात डॉक्युमेंटेशनसाठी, हो. टीम लीड म्हणून मी त्यांना पाहिलेलं नाही." यातला "हो" म्हणताना क्षणभर रेंगाळलात तर समोरचा तेही टिपतो, एवढं लक्षात असू द्या.

त्याने स्वतःच मसुदा लिहून पाठवला आहे. फक्त सही करू का?

मसुदा वापरा, पण कच्चा माल म्हणून. त्यातल्या तारखा आणि कामांची यादी तुमचा वेळ वाचवते. विशेषणं मात्र सगळी काढा आणि वर सांगितलेली चाळणी लावा. सही तुमची, तर वाक्यंही तुमचीच. एकाच ऑफिसातून गेलेल्या तिघांची पत्रं शब्दशः सारखी आली की रिक्रूटरला ते लगेच कळतं.

पत्र त्याला दाखवायचं का?

हो, शक्यतो त्याच्याच हातात द्या किंवा पाठवण्याआधी वाचायला द्या. विशेषतः उणिवेचा परिच्छेद. बदनामीसाठी मजकूर तिसऱ्या माणसापर्यंत पोचवावा लागतो. मजकूर वाचून, "ठीक आहे, पाठवा" म्हणून त्याने स्वतःच पुढे केलेल्या पत्राबद्दल नंतर तक्रार करणं त्याला अवघड जातं. तारीख किंवा तपशील चुकला असेल तर तो दुरुस्तही करेल. "तो परिच्छेद काढा" म्हणाला तर त्याच्याशी बोला. ऐकून घेऊनही तुमचं मत बदललं नाही, तर निवड त्याची: या स्वरूपात हवं, की नको. परिच्छेद काढून, सोबत अचूकतेपलीकडची स्तुती ठेवून देणं, हा तिसरा मार्ग नाही.

नवी कंपनी थेट बंद लिफाफ्यात किंवा लिंकवर मागत असेल तर तसं त्याला आधी सांगा, आणि उणिवेचा मुद्दा लिहिणार आहात हेही सांगा.

"ज्यांच्याशी संबंधित आहे त्यांस" असा मायना चालेल का?

टाळा. कंपनीचं नाव, पद आणि तारीख घाला, आणि शेवटी "हे पत्र या नेमणुकीच्या विचारापुरतं आहे" असं लिहा. मोकळ्या मायन्याचं पत्र पाच वर्षांनी भलत्याच जागेसाठी फिरत राहतं. तसंच लिंक्डइनवरच्या शिफारशीचं: तिथे वाचणारा कोण हे तुमच्या हातात नाही, म्हणून तिथे फक्त चांगलं आणि दाखवता येईल असंच लिहा. उणीव तिथे अजिबात नको.

प्रत किती दिवस ठेवायची?

लेखी बदनामीच्या दिवाणी दाव्याला मुदत एक वर्षाची आणि फौजदारी तक्रारीला तीन वर्षांची असते, म्हणून किमान तीन वर्षं. पत्राची पाठवलेली प्रत, त्याच्या संमतीचा मेल, आणि फोन झाला असल्यास त्याच दिवशी लिहिलेली चार ओळींची नोंद: कोणाशी, कधी, काय विचारलं, काय सांगितलं. वैयक्तिक पत्र असेल तर हे सगळं स्वतःच्या मेलबॉक्समध्ये ठेवा, कारण तुम्हीही ती कंपनी सोडू शकता. मात्र अप्रेझल फॉर्म किंवा रजिस्टरच्या प्रती घरच्या मेलवर पाठवू नका. ते कागद कंपनीचे आहेत, कुठल्या वर्षीच्या कुठल्या फॉर्मवरून लिहिलं एवढी नोंद पुरते.